विझला न म्हणणारं गाव

हा समोर दिसतो तो बोयडोंगर. कड्याच्या पोटात गुहा आहे, तिच्या तोंडाशी बाभळीच्या वाळक्या फाट्यांचा ढीग आहे. त्या ढिगाला हात लावू नका. शेकोटी करायला तर मुळीच नको. मागे एकाने केली होती, आमच्या बायकांनी त्याला डोंगर उतरेपर्यंत ऐकवलं.

आणखी एक सांगून ठेवतो. आमच्या गावात चूल विझत नाही. म्हणजे विझते, चारचौघांच्या विझते तशीच, पण तसं कुणी म्हणत नाही. ‘चूल निजली’ म्हणतात. दिव्यालाही तेच. पाहुण्याच्या तोंडून ‘विझला’ आलंच, तर घरातली बाई समोर बोट करते आणि म्हणते, “तो शब्द तिकडं गडावर.” तो पलीकडचा पडका सारंगगड.

फार पूर्वी म्हणे या गुहेत पारशांचा अग्नी होता. किनाऱ्यावर धामधूम माजली, तेव्हा आसदीन आणि होरमज हे दोघे भाऊ, दोघेही त्यांचे धर्मगुरू, अग्नीचं पात्र घेऊन इथवर पायी आले. आम्ही वारली तेव्हाही इथेच होतो. रोज बाभळीचं सुकं लाकूड वर नेऊन द्यायचं काम आमच्या घरांकडे आलं. ओलं लाकूड चालत नसे. साल सोललेलं, वाळलेलं, स्वच्छ, असंच लागे. आमची माणसं ते गुहेच्या तोंडाशी ठेवून परत फिरत. परधर्मीयाने अग्नी पाहायचा नाही हा त्यांचा नेम. आम्ही तो कधी मोडला नाही, आणि त्याचा आम्हाला रागही आला नाही. रोज दिवसरात्र मिळून पाच वेळा वरून घंटा ऐकू येई आणि चंदनाचा वास खाली शिवारापर्यंत येई. त्या विधीला ते बोय म्हणत. डोंगराचं नाव त्यावरून पडलं.

पुढे सारंगगडावर नवा किल्लेदार आला. त्याचं नाव आम्ही घेत नाही. विसरलोय असं नाही, घेत नाही. ऐन श्रावणात त्याने दवंडी पिटली: सगळ्यांनी आपापला विस्तव विझवायचा आणि गडावरून नवा न्यायचा, ज्याच्या चुलीत गडाचा विस्तव, तीच आपली रयत. त्याचे शिपाई घरोघर शिरले, चुलींवर पाणी ओतलं, चकमकी काढून नेल्या. मग वर कारकून गेला. विसाजी त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, असं सांगतात.

विसाजीने गुहेबाहेरूनच विनवलं, “महाराज, आग ती आग. गडावरून दुसरी घ्या. उगाच जिवावर बेतेल.”

आसदीन बाहेर आला. पांढरा अंगरखा, आणि नाकातोंडावरचं पांढरं फडकं गळ्याशी ओढलेलं. श्वास किंवा थुंकी अग्नीला लागू नये म्हणून ते फडकं बांधतात. अग्नीवर फुंकर मारणं तर त्यांना पापच. तो म्हणाला, “बाबा, हा एका चुलीतला विस्तव नाही. धर्मगुरूच्या घरचा, लढवय्याच्या घरचा, शेतकऱ्याच्या घरचा आणि कारागिराच्या घरचा, असे चार अग्नी आणले. एकेकावर चंदनाचा चुरा भोकं असलेल्या पळीत धरला. ज्वाळेला न टेकवता, नुसत्या धगीने तो पेटला. त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. प्रार्थना म्हणत म्हणत सगळा मळ मागे टाकला. मग चारही एक केले आणि राजासारखे गादीवर बसवले. हा गेला तर गडावरचा विस्तव त्याच्या जागी कसा बसवू?”

“म्हणजे तुमचा देव तो.”

“देव नाही. देवाचा प्रकाश आहे. अहुर मज्द डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही प्रकाशाकडे तोंड करून त्याच्याशी बोलतो. आणि प्रकाशाला आम्ही सत्य मानतो. रोज पाच वेळा लाकूड देतो, चंदन देतो, घंटा वाजवून म्हणतो: वाईट विचार, वाईट बोल, वाईट कृती, चालते व्हा. अंधार कधी सुट्टी घेत नाही. मग आम्ही कशी घ्यावी?”

विसाजीने आवाज उतरवला. “मग असं करा. अग्नी आत राहू दे. घंटा तेवढी बंद ठेवा आणि मी खाली जाऊन सांगतो, विझला. तुम्ही फक्त एकदा ‘हो’ म्हणा. किल्लेदाराला एवढंच हवंय.”

आत होरमज होता. भाऊ ‘हो’ म्हणेल, अशी आशा त्याला क्षणभर वाटली म्हणतात. त्यालाही जीव प्यारा होताच की. पण आसदीनने फडकं पुन्हा तोंडावर बांधलं. “सत्याला वाचवायला त्याच्याच उंबऱ्यावर खोटं बोलू? मग आत जपायला उरलं काय? राख!” एवढं बोलून तो आत गेला, आणि बोयची वेळ झाली होती म्हणून घंटा वाजवली. रोजच्यापेक्षा जोरात वाजवली, असं आमच्याकडे सांगतात. मला तरी ते खरंच वाटतं.

किल्लेदार खवळला. त्याने वाटेवर पहारा बसवला. वर लाकूड जाणार नाही, वरून निखारा येणार नाही. अग्नी उपाशी मरेल, आणि गाव कच्चं खाऊन कंटाळून गडावर येईल, असा त्याचा हिशेब.

तेव्हा आमच्यातली सोनकी उभी राहिली. लाकूड वाहणाऱ्यांची ती म्होरकी. ती म्हणाली, “घंटा वाजते तंवर मी गडाची पायरी चढायची नाय. काकड्या खाऊन राहू, भिजवलेली नागली चावू. माळ्यावरचं सुकं लाकूड गडाला नाय द्यायचं. ते वर जाईल.” गावातलं एकही माणूस विस्तव आणायला गेलं नाही. म्हाताऱ्यांचे दात दुखले, पोरं रडली, तरी नाही. बायका पाठीमागच्या कड्याने चढल्या. पाठीला फाट्या बांधलेल्या, वर पानांचं इरलं, दोन्ही हात दगडाला. त्या वाटेने लाकूड चढवता येई, पण भर पावसात निखारा उतरवता येत नसे. वर दोघा भावांनी अग्नी राखेखाली जपून कमी लाकडात धरला. बोयची वेळ मात्र एकही चुकवली नाही. घंटा वाजली की खाली पहारेकरी शिव्या द्यायचे आणि आमची माणसं हसायची.

गडावर काय झालं ऐका. तिथल्या विस्तवाची राखण कुणाची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. शिपायाला वाटे आचारी बघेल, आचाऱ्याला वाटे शिपाई. गावाकडून सुकं लाकूड बंद, गडावरचं सगळं भिजलेलं. एके दिवशी नुसता धूर उरला, मग तोही गेला. चकमकी होत्या, पण कापूस दमट. तोफ डागायची जामगीसुद्धा पेटेना.

शेवटी विसाजी हातात रिकामं मडकं घेऊन डोंगराच्या वाटेने आला. पायथ्याशी सोनकी उभी होती.

“कशाला आलास?”

“विस्तव हवा.”

“गडावरचा कुठं गेला?”

ती बाजूला होईना. सगळं गाव बघत होतं.

“विझला,” विसाजी म्हणाला.

तेव्हा सोनकीने त्याला वर जाऊ दिलं. आसदीनने गुहेतला अग्नी दिला नाही, देणं शक्यच नव्हतं. पण बाहेर भावांची भाकरीची साधी चूल होती. तिच्यातले निखारे त्याने मडक्यात घातले आणि म्हणाला, “ने. पोटाचा विस्तव कुणालाच नाकारायचा नसतो.” मग पहारेकऱ्यांच्या देखत त्याच चुलीचे निखारे गावातल्या घराघरांत गेले. सोनकी विसाजीला म्हणाली, “तुझ्या धन्याला इचार, आता कोन कोनाची रयत?” ती दवंडी पुन्हा कधी पिटली गेली नाही.

पुढे धामधूम सरली आणि पारशी आपला अग्नी पायी पायी नारपूरच्या अग्यारीत घेऊन गेले. गड ओस पडला. तिथे आता वटवाघळं आहेत.

आजही आदर महिन्यातल्या आदर रोजाला, म्हणजे त्यांच्या अग्नीच्या सणाला, पहिली मोळी आमच्या गावची, त्या गुहेपाशच्या ढिगातली जाते. मीही नेली आहे. दाराशी ठेवायची आणि परत फिरायचं. आमच्या कुणीच तो अग्नी पाहिलेला नाही. घंटा मात्र बाहेर ऐकू येते, आणि ती वाजली की मी, काशीराम वरठा, इथे घरी येऊन बायकोला एवढंच सांगतो: अग्नी जागा आहे.