गिरजाईचा झाकलेला तांब्या

फार वर्षं झाली. खैरगावच्या खिंडीतून तेव्हा बैलगाडीसुद्धा जात नव्हती, नुसती पायवाट होती. त्या वाटेवर करंजाच्या सावलीत गिरजाई रांजण मांडून बसायची. शेजारी खडकातून बोटाएवढा झरा वाहायचा, त्याचंच पाणी ती वाटसरूंना पाजायची. तिनं झऱ्यापुढे हात जोडून बारा उन्हाळ्यांचं व्रत घेतलं होतं, की खिंडीतून जाणारा प्रत्येक जण माझ्या हातचं पाणी पिऊन जाईल, आणि तू आटू नकोस. अकरा उन्हाळे झरा आटला नाही, असं म्हणतात.

बाराव्या उन्हाळ्यात ज्येष्ठाची चंद्रकोर दिसली आणि त्याच चंद्रावर रमजान लागला.

गिरजाईच्या घराला लागून लाडले पिंजाऱ्याचं घर. खांद्यावर पिंजण टाकून तो सकाळी खिंड ओलांडायचा, गावोगावच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि दिवस मावळता परतायचा. पहिल्या रोजाला गिरजाईनं नेहमीसारखा तांब्या पुढे केला. तो हसून म्हणाला, "आज रोजा आहे, आक्का. पाणी कुठं पळून जातंय, दिवस मावळू दे."

पण गिरजाईचा जीव व्रतात अडकलेला. तिनं तिथेच आग्रह सुरू केला. अरे देवा, पाण्याचा थेंबसुद्धा नाही? एवढ्या उन्हात? एक घोट घे, इथं कोण बघतंय! पाणी प्यायला थांबलेली माणसं वळून बघू लागली. एकानं थट्टाही केली, की लाडले आता वाऱ्यावर जगतो. लाडले खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर त्याला ताप होता, म्हणून त्याचा रोजा नव्हता. गिरजाईनं चारचौघांत मोठ्यानं विचारलं, "आज तरी आहे का रे रोजा?" काय सांगायचं त्यानं? आजारपण सांगायचं, की रोजा सुटल्याचं दुःख? तो तसाच पुढे गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं घळीची काटेरी, कोसभर लांबची वाट धरली.

इकडे झरा बारीक होऊ लागला. बोटाचा दोरा झाला. गिरजाईला कळेना, मी तर माया करायला गेले होते, मग व्रत मोडलं कुठे?

मग एकादशी आली, निर्जळा. त्या दिवशी गिरजाई थुंकीसुद्धा जपून गिळायची, आणि दुसऱ्यांना मात्र ओंजळी भरभरून वाढायची. नेमकं त्याच दिवशी एक वऱ्हाड खिंडीत उतरलं. बायका तिच्याभोवती जमल्या. अगं, ओठ बघ कसे सुकलेत तुझे! चक्कर येईल हं. निदान ताक घे. उद्या सकाळपर्यंत कशी राहणार गं तू? गिरजाईला उपास जड नव्हता, ते बोलणं जड झालं.

वऱ्हाड गेलं, उन्हं कलली. झरा आटत चाललाय हे लाडलेच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्या दिवशी तो परतताना खिंडीनं आला. त्यानं पिंजण खाली ठेवली, हात छातीशी नेला आणि हळू आवाजात म्हणाला, "एकादशी ना, आक्का? सुखाची पार पडो."

एवढंच. "कशी आहेस" विचारलं नाही, "जमतं का" विचारलं नाही. करंजाची एक मोडकी फांदी उचलून त्यानं रांजणावरच्या उन्हाला आडवी लावली, आणि लांब एका दगडावर जाऊन बसला.

गिरजाईचे डोळे भरून आले. आपलं चुकलं ते कुठे, हे तिला त्या दोन शब्दांत कळलं. तीही छातीशी हात नेऊन म्हणाली, "रमजान मुबारक, भाऊ."

तिनं तांब्या भरला, वर पळसाचं पान झाकलं, त्यावर भिजवलेल्या दोन खारका ठेवल्या आणि त्याच्याजवळच्या कातळावर नेऊन ठेवून परत आली, पाठ फिरवून बसली. बघत राहिली नाही. सूर्य डोंगराआड पुरता बुडाला. लाडलेनं हात पसरून दुआ मागितली, खारीक तोंडात टाकली आणि पाणी प्याला. ती मात्र तहानलेलीच होती, तिची वेळ उद्याची होती.

तांब्या रिकामा झाला आणि खडकातून आवाज आला, असं म्हणतात. दोऱ्याएवढा झरा मनगटाएवढा झाला आणि पाणी त्या कातळापर्यंत चढलं. व्रत मोडलं नव्हतंच. पाणी ज्याच्या त्याच्या वेळेला द्यायचं होतं, एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बारस. सकाळी गिरजाईच्या उंबऱ्यावर कडुनिंबाच्या पाल्याखाली पाच अख्खे आंबे होते, न चिरलेले, कुणाचं भांडं न लागलेले. कुणी ठेवले ते तिनं विचारलं नाही. उपास त्यांच्यावरच सोडला.

आता खिंडीतून डांबरी रस्ता गेलाय, पण झरा आहे. आमच्याकडे अजूनही कुणाचा रोजा असो, एकादशी असो, नाहीतर पर्युषणातला उपास असो, शेजारी छातीशी हात नेतो, "सुखाचा जावो" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. आहे का, नाही का, कुणी विचारत नाही. आणि ज्येष्ठात रोज दिवस मावळायच्या आत कुणीतरी त्या कातळावर पान झाकलेला तांब्या ठेवून येतं. मीही ठेवते, माझ्या वाट्याच्या दिवशी.

सकाळी तांब्या रिकामा असतो. कोण प्यालं, ते आम्ही विचारत नाही.