दुसरीसाठी लिहिलेल्या चार ओळी

एकदा एका शहरात एका कंपनीने एकाच सकाळी, एकाच व्हिडिओ कॉलवर, ग्राहकसेवेच्या सबंध विभागाला नारळ दिला. त्यात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघी होत्या, मैथिली आणि ऋजुता.

ऋजुताने संध्याकाळीच आपल्या व्यावसायिक प्रोफाइलवर पोस्ट टाकली. रिकाम्या खुर्चीचा फोटो आणि खाली भरून आलेले मन. सकाळपर्यंत तिथे गाव लोटले. मैथिली दोन वर्षांच्या मुलीला मऊभात भरवता भरवता एकेक प्रतिक्रिया वाचत होती. ‘रॉकस्टार म्हणे! मेलला फाइल जोडायची आठवण मीच करून द्यायची हिला!’ घास मुलीच्या नाकाला लागला, तरी मैथिलीची नजर फोनवरून हलेना.

लवकर काम मिळाले नाही तर पाळणाघरातली जागा सोडावी लागणार होती, आणि एकदा सुटलेली जागा पुन्हा मिळत नाही, हे तिला ठाऊक होते. तिनेही पोस्ट लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी मुलीला कडेवर घेऊन ती आपल्या जुन्या गुरूंकडे गेली. आयुष्यभर वृत्तपत्राचे संपादन केलेले ते वृद्ध गृहस्थ. महाविद्यालयात असताना ती त्यांच्याकडे लिहायला शिकली होती.

ऋजुताच्या पोस्टचे गाऱ्हाणे सांगून तिने आपला मजकूर पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचले. “जड अंतःकरणाने कळवण्यात येते की... मैथिली, गेलं कोण?”

“नोकरी, सर.”

“मला वाटलं, तेराव्याचं बोलावणं आहे. आणि हा चिमुरडीचा फोटो कशाला?”

“म्हणजे... लोकांना कळावं, की मला गरज आहे.”

“गरज कळली. काम काय येतं ते कुठे लिहिलंयस?”

गुरूंनी कोरा कागद पुढे सरकवला. “तुझं राहू दे. आधी त्या ऋजुतासाठी लिही.”

“तिच्यासाठी? सर, तिच्याकडे आधीच जत्रा भरलीय!”

“तरी लिही. खोटं एक अक्षर नको, कीव नको. अडलं तर तिलाच विचार.”

मैथिलीने दातओठ खात लिहिले, पण झरझर लिहिले. ‘आमचा विभाग बंद झाला, त्यात ऋजुताची नोकरी गेली. कितीही चिडलेला ग्राहक असो, ती आवाज न चढवता त्याची अडचण सोडवते. नव्या लोकांना तिने तयार केलं आहे. ग्राहकसेवेचं किंवा प्रशिक्षणाचं काम ती शोधते आहे, याच शहरात किंवा घरून, आणि लगेच रुजू होऊ शकते.’

एका ओळीवर मात्र ती अडली. नव्या लोकांचे प्रशिक्षण ऋजुता एकटीच घेत होती की कुणासोबत? नाइलाजाने तिने स्पीकरवर फोन लावला.

“एकटीच घ्यायचे,” ऋजुता म्हणाली. “का गं?” मग अचानक तिचा आवाज उतरला. “तुझं बरंय, मैथिली. तू लिहिलेली मदतीची पानं अजून साइटवर आहेत. ती वाचून लोक फोन करायचेच थांबले. तुझ्याकडे दाखवायला आहे. माझ्या पोस्टखाली नुसते लाल बदाम आणि ‘खंबीर राहा’. काम कुणी विचारलंच नाही अजून. खरं सांगू? तुझा हेवा वाटतो.”

आपल्यावरही कुणी जळू शकते, ही मैथिलीला बातमीच होती.

फोन ठेवल्यावर गुरू म्हणाले, “मत्सराला एक विद्या अवगत असते. समोरच्याकडे नेमकं काय आहे ते त्याला अचूक दिसतं. म्हणून या चार ओळींत कीव नाही, फुशारकीही नाही. जिचा हेवा वाटतो तिची कीव कोण करेल? दुःख लपवू नकोस. नोकरी गेली, हे पहिल्याच ओळीत सांग, कारण पुढचं ‘आणखी वाचा’च्या आड जातं आणि घाईतला माणूस तिथवर जात नाही. पण दुःखाला एक वाक्य पुरे. त्यानंतर वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी दे. काय येतं, काय हवं, कुठे भेटशील. आशा म्हणजे तेवढंच.”

“आणि माझ्याबद्दल काय लिहू?”

“आत्ताच कुणीतरी सांगितलं की फोनवर.”

मैथिलीने लिहिले. मुलीचा फोटो काढून टाकला. ‘दिवसपाळीचं काम हवं’ एवढे मात्र ठेवले, कारण ती याचना नव्हती, अट होती. मदतीच्या पानांचा दुवा जोडला. मग क्षणभर थांबून, थोडे तोंड वाकडे करूनच, ऋजुतासाठी लिहिलेल्या चार ओळी तिने तिला पाठवून दिल्या.

मैथिलीच्या पोस्टवर जत्रा भरली नाही. दुपारी एका अनोळखी बाईंचा निरोप आला, ‘ती पानं तुम्हीच लिहिलीत ना? कधी बोलू या?’ मैथिलीने आधी पाळणाघराला फोन करून सांगितले, “जागा ठेवा.” मग उत्तर लिहायला बसली.

ज्याला स्वतःचे मोल दिसत नाही, त्याने आपला हेवा करणाऱ्याला एकदा मोकळेपणी बोलू द्यावे.