नारगोळ्याच्या चिठ्ठीची शेवटची ओळ

पूल झाल्यापासून नारगोळ्याची तर, म्हणजे खाडी ओलांडायचा होडीचा धक्का, बंद आहे. होडी नाही, ती चालवणारा तारी नाही, पलीकडच्या काठावर आता कोळंबीची तळी झालीत. पण खाडीत उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. त्यातली खालून तिसरी पायरी जरा झिजलेली आहे, मध्ये खोलगट. पाहुणेमंडळी तिच्यावर बसून फोटो काढायला जातात आणि वरून कुणीतरी म्हातारं माणूस ओरडतं, की बसायचं तर बसा, पण उठायची वेळ आधी ठरवून बसा. पाहुण्यांना वाटतं, भरतीची भीती. भरतीची आहेच. पण ओरडणाऱ्याच्या मनात दुसरंच काही असतं.

ह्या गावात आणखी एक रीत पाहायला मिळते. इथला पोरगा एखाद्या मुलीला पहिल्यांदा फुलं देतो, हल्ली चॉकलेटचा डबाही देतो, तेव्हा त्याला चिठ्ठी बांधतो. चिठ्ठीत काय थट्टामस्करी करायची ती ज्याची त्याने करावी. शेवटची ओळ मात्र घरोघरी एकच: "उत्तर नाही आलं, तर दिवस मावळला की मी घरी जाईन." शहरात वाढलेल्या मुलींना ही ओळ वाचून हसू येतं. प्रेमात पडायच्या आधीच घरी जायची भाषा! त्यांना मग भामावहिनीची गोष्ट सांगावी लागते.

भामा ही परबांच्या घरातली थोरली सून. माहेरी तिच्या वडिलांनी तिला लिहायला शिकवलं होतं, त्यामुळे वाडीतली पत्रं तिच्याकडे येत. तिचा धाकटा दीर रवळू सुरंगीच्या झाडांवर चढायचा. सुरंगीची कळी पहाटे काढावी लागते, ऊन चढलं की ती उमलते आणि मग ओवायला कामाची राहत नाही. रवळू कळ्या आणायचा, भामा केळीच्या सोपाच्या धाग्यात वळेसर ओवायची, आणि बाजाराच्या दिवशी ते गजरे विकले जायचे. भामाला स्वतःचं मूल नव्हतं. रवळू तिच्या हाताखालीच मोठा झालेला, त्यामुळे तिचा जीव त्याच्यावर जरा जास्तच होता, असं सांगतात.

त्या साली पलीकडच्या काठावरून मथुरा नावाची मुलगी पोहे विकायला येऊ लागली. मामीबरोबर यायची, तोंडाने कमी बोलायची, पण डोळ्यांनी अख्ख्या बाजाराची फिरकी घ्यायची. रवळूने तिच्याकडून इतके पोहे घेतले, की घरात सकाळ-संध्याकाळ पोह्यांशिवाय काही शिजेना. भामाने काय ते ओळखलं. विचारलं तर गडी कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, की एक वळेसर तिला पाठवायचाय, बरोबर दोन शब्द लिहायचेत.

दोन शब्द म्हणून त्याने लिहून आणला तो चांगला दोन पानी मजकूर. त्यात चंद्र होता, कमळ होतं, जन्मोजन्मीच्या गाठी होत्या. भामा हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग तिने त्याला समोर बसवलं आणि समजावलं. ओळख कालची, भेट एका गजऱ्याची. तिच्यावर एवढा मजकूर लादलास तर पोरगी बिचकेल. हाताच्या मुठीत लपेल एवढी चिठ्ठी हवी, मामीने पाहिली तरी जीव जाऊ नये अशी. तिचं रूप तर आरसाही सांगतो. तू एकट्याने काय पाहिलंस ते लिही. थोडी खोडी काढ, पण तिलाही हसू येईल अशीच. मागायचं ते इतकं लहान माग, की द्यायला तिला जड जाऊ नये आणि नाही म्हणायला लाज वाटू नये. आणि खाली नाव घाल. निनावी चिठ्ठीने मुलीला आनंद होत नाही, धास्ती वाटते.

रवळूने बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, की ती पोहे मापताना माप शिगोशीग भरते, वर एक चिमूट घालते, आणि गिऱ्हाइकाची नजर वळली की ती चिमूट हळूच काढून घेते. भामाने टाक शाईत बुडवून त्याच्या हातात दिला. हेच लिही, म्हणाली.

चिठ्ठी झाली ती अशी: "मापावरची चिमूट दर बाजारी परत जाते, हे मी पाहिलंय. मामीला सांगणार नाही. पुढच्या बाजारी ती चिमूट मला दे. तोवर हा वळेसर ठेव. — रवळू परब."

एवढ्यावर थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नव्या प्रेमाला एवढ्याने पोट भरत नाही. भामा चूल पेटवायला वळली तेवढ्यात त्याने खाली एक ओळ वाढवली: "तू येईपर्यंत तरीच्या पायरीवर बसून राहीन, उठणार नाही." भामाने परत येऊन ती वाचली. लाडाने हसली आणि शाई वाळवायला चिठ्ठीवर फुंकर घातली. खोडायचं तिच्या मनातही आलं नाही.

आता ह्या तरीचा एक कायदा होता. खाडीचा राखणदार त्या तिसऱ्या पायरीपाशी असतो, असं मानत. कुणी नवस बोलायचा, शब्द द्यायचा, तर फूल पायरीवर ठेवून तोंडाने बोलायचा. फूल आणि बोल एकत्र पडले की तो शब्द राखणदाराच्या दरबारी जमा झाला. मग माणूस विसरला तरी राखणदार विसरत नाही. रवळूने वळेसराचं पुडकं तारीमामाच्या हाती देण्याआधी पायरीवर ठेवलं, आणि सोबत्यांनी आग्रह केला म्हणून चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. सगळे हसले. होडी सुटली. रवळू ऐट करायला म्हणून पायरीवर बसला.

मथुराने चिठ्ठी वाचली, ती ओठ दाबून हसली, आणि वळेसर केसांत न माळता पदराखाली लपवला, असं तारीमामाने येऊन सांगितलं. रवळूला आभाळ ठेंगणं झालं. पण संध्याकाळी सोबती घरी निघाले तेव्हा तो उठला नाही. भामा जेवायला बोलवायला आली. तिला वाटलं, गडी अजून थट्टेतच आहे. तिने त्याचा हात धरून ओढला, तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "वयनी, माका उठाक जमणा नाय."

चार बाप्यांनी लावलेला जोर फुकट गेला. पायरीने त्याला धरून ठेवलं होतं. गुरवाने कौल लावला तर एकच उत्तर आलं, की शब्द दिलाय, ती आली की सुटेल. मग काय, पुढचा बाजार कुठे दूर होता! भामा त्याला तिथेच जेवण नेऊ लागली. रोजची भरती त्याच्या गुडघ्यांच्या वर चढत नव्हती, उन्हासाठी माडाच्या झापांची सावली केली. तोही पोहेवालीच्या नावाने चेष्टा सोसत बसून राहिला.

बाजाराच्या आदल्या दिवशी पलीकडे पटकीची साथ आली. होड्या बंद झाल्या. तारीमामा एकदाच औषध पोचवायला गेला, आणि परतल्यावर पायरीकडे न बघता सरळ परबांच्या अंगणात आला. त्याने भामाला हळूच सांगितलं, की मथुरा गेली.

भामा तशीच पायरीकडे निघाली. सांगायचंच, असं ठरवून निघाली. पण रवळूने तिला लांबून पाहिलं आणि उत्साहाने विचारलं, होड्या कधी सुटणार म्हणतात? सुटतील चार दिवसांनी, ती म्हणाली. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही, तिला ते सांगवलं नाही. त्याचं तोंड पाहिलं की तिला वाटे, राहू दे आजच्या दिवस. माया होती ती. पण मायेने बोललेलं खोटंही खोटंच असतं.

मग पुनवेचं उधाण आलं. भरदुपारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, पाणी पायरीवर चढलं. लोकांनी दोर टाकले. भामा गळ्याएवढ्या पाण्यात शिरली, त्याच्या काखेत हात घालून ओढत राहिली, आणि शेवटी लोकांनी तिलाच खेचून बाहेर काढलं. ओहोटीला पायरी रिकामी होती. रवळूचं काहीच सापडलं नाही, म्हणे.

त्यानंतर ती पायरी वाळेना. चैत्राच्या उन्हात आजूबाजूचे चिरे तापून भाजायचे, आणि तिच्यावर माणूस बसल्याएवढी ओल. सुरंगीचा हंगाम सरला तरी तिथे सुरंगीचा वास. तरीवरून एकटीदुकटी बाई चढून येऊ लागली की तिच्या पावलांशी, गुडघ्याच्या उंचीवरून, कुणीतरी आशेने विचारी, "इलंस गो?" बायका तरीची वाट सोडून मैलभर वळसा घालू लागल्या. गुरवाने नारळ दिले, कोंबडा दिला. आवाज गेला नाही. जाणार कसा? बिचाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं.

भामाला ते उमगायला वर्ष लागलं. खरं तर उमगलं होतं आधीच. धीर व्हायला वर्ष लागलं. सुरंगी पुन्हा फुलली तेव्हा तिने स्वतः शिडी लावून कळ्या काढल्या, वळेसर ओवला, आणि दिवस कलताना एकटी पायऱ्या उतरली. गाव वर उभं होतं, खाली यायला कुणी धजेना. तिने ओल्या जागेशेजारी वळेसर ठेवला आणि वाट पाहिली.

"इलंस गो?"

"मी आसंय, भामा," ती म्हणाली. "ती येवची नाय, रवळू. ती साथीत गेली. माका तेव्हाच कळल्ला, पण मी तुका सांगूक नाय. तुझी काय चूक नाय, तिची पण नाय. आता घराक चल."

मग कुणीतरी लहान पोर हुंदका आवरतं तसा आवाज आला, आणि दगडावर ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. भामा पुढे आणि ती पावलं मागे, अशी ती वर आली. लोक बाजूला झाले. वाडीतून, पाणंदीतून, परबांच्या अंगणात. भामाने ओटीवर पाट मांडला, जेवण वाढलं आणि दिवा लावला. पहाटे पानातला भात तसाच होता, पण उंबऱ्याच्या आतली पावलं वाळलेली होती. पायरीही वाळलेली होती.

पुढे वाडीतलं कुणी चिठ्ठी लिहायला आलं की भामा सगळी थट्टा त्याच्या मनासारखी करू द्यायची आणि शेवटची ओळ आपल्या हाताने घालायची. तिच्यामागे ती रीत झाली.

आजही नारगोळ्यात मुलगा ती ओळ लिहितो. पण मुलींनी त्याला आपली बाजू जोडली आहे, ती पाहुण्यांना सहसा कळत नाही. फुलं आवडली नाहीत, मुलगा आवडला नाही, तरी इथली मुलगी गप्प बसत नाही. दिवस मावळायच्या आत तो वाट पाहत बसला असेल तिथवर जाते आणि नुसतं म्हणते, "घराक जा हां." पोरगा मनात काय ते समजतो. वाईट वाटतं, पण उठतो. आणि परतताना ती मुलगी तरीपाशी थांबून रिकाम्या पायऱ्यांनाही तेच सांगून जाते. तिथे आता कुणी नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सांगतात. न जाणो, कुणाला सांगायचं राहिलं असेल.