दगडोबाचं गाठोडं

फार पूर्वी एका टेकडीवर दगडोबा नावाचं खवले मांजर राहायचं. भलतंच लाजाळू. जरा घाबरलं की अंगाचं गाठोडं करायचं आणि उतारावरून गडगडत जायचं.

एकदा ते नेहमीसारखं मुंग्या चाटत असताना सातभाई पक्ष्याने बातमी आणली, "करवंदीच्या जाळीत चंपा साळिंदर राहायला आलीय!"

दगडोबा तिला फिरायला बोलवायला निघाला आणि जाळीपाशी पोचताच गडगडत ओढ्यात पडला. दुसऱ्या खेपेलाही तेच.

तिसऱ्या खेपेला चंपाचं कंद उकरून होईपर्यंत तो थांबला. मग वाट मोकळी सोडून, लांबूनच म्हणाला, "चंपाबाई, संध्याकाळी ओढ्याकाठी फिरायला याल? नाही म्हणालात तरी चालेल."

"विचारलंत, बरं वाटलं. पण नको. मला एकटीनंच हिंडायला आवडतं."

दगडोबाची शेपटी वळू लागली. त्याने ती पायाखाली दाबली. "बरं. स्पष्ट सांगितलंत, छान झालं. येतो."

"अरे लाजऱ्या, कारण तरी विचार! उद्या पुन्हा जा!" सातभाई ओरडला.

"उत्तर मिळालंय की," दगडोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चंपा वाटेत भेटली. "कंद मिळाले का?" त्याने विचारलं.

"मिळाले हो! आणि तुमच्या मुंग्या?"

"भरपूर!"

घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, गाठोडं करायचं राहूनच गेलं.